घडले किती, दिसले किती

१
ट्रिटियमचा बीटा कण पाण्यात फार तर सहा मायक्रोमीटर जातो, हवेत सहा मिलिमीटर. गायगर काउंटरच्या खिडकीवरचा पातळ अभ्रकही त्याला ओलांडता येत नाही. ट्रिटियम मिसळलेल्या पाण्याची बाटली अशा काउंटरपुढे धरली तर काउंटर गप्प राहतो.

२
कण डिटेक्टरपर्यंत येत नसेल तर नमुनाच डिटेक्टरमध्ये विरघळवायचा. १९५० मध्ये हार्टमुट कालमन यांनी, आणि प्रिन्स्टनमध्ये रेनॉल्ड्स, हॅरिसन व साल्विनी यांनी दाखवले की काही सेंद्रिय द्रावणांतून किरणोत्साराने प्रकाश उमटतो. त्यानंतर काही वर्षांतच लाइल पॅकार्ड यांचे यंत्र विक्रीला आले. नाव ट्राय-कार्ब: ट्रिटियम आणि कार्बन.

३
वीस मिलिलिटरची वायल. तिच्यात दहाएक मिलिलिटर कॉकटेल आणि एखादा मिलिलिटर नमुना. कॉकटेल म्हणजे मुख्यतः सुगंधी हायड्रोकार्बन द्रावक: पूर्वी टोल्युइन, आता बहुधा डाय-आयसोप्रोपिल नॅप्थॅलीनसारखे कमी बाष्पशील द्रावक. त्यात थोडे पीपीओ, त्याहून थोडे बिस-एमएसबी, आणि पाणी सामावून घेण्यासाठी डिटर्जंट.

बीटा कण जवळजवळ सगळी ऊर्जा द्रावकाला देतो, कारण वायलीत द्रावकच जास्त. ती ऊर्जा द्रावकाच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे फिरत पीपीओपर्यंत पोचते. पीपीओ अतिनील प्रकाश सोडते, बिस-एमएसबी तो शोषून निळा प्रकाश बाहेर टाकते, आणि तो फोटोमल्टिप्लायर नळीला दिसतो. एवढा प्रवास काही नॅनोसेकंदांत आटोपतो.

पुढे जे काही बिघडते ते बहुतेक याच साखळीच्या कुठल्या ना कुठल्या कडीवर.

४
ट्रिटियम: बीटाची कमाल ऊर्जा १८.६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सरासरी ५.७.
कार्बन-१४: कमाल १५६, सरासरी ४९.

या दोन ओळी पाठ असल्या की पुढचे बरेचसे आपोआप समजते.

५
यंत्रात समोरासमोर दोन नळ्या असतात. दोघींनी जवळजवळ एकाच क्षणी, सुमारे वीस नॅनोसेकंदांच्या आत, प्रकाश पाहिला तरच घटना मोजली जाते. फोटोमल्टिप्लायर अंधारातही स्वतःहून स्पंदने देतो. ती दोन्हीकडे एकाच क्षणी यायची शक्यता फार कमी, म्हणून ही अट.

या अटीची किंमत ट्रिटियमला मोजावी लागते. समजा, सरासरी ऊर्जेच्या ट्रिटियम कणामुळे प्रत्येक नळीत सरासरी अडीच फोटोइलेक्ट्रॉन सुटतात. हे सरासरीचे बोलणे झाले. एखाद्या वेळी शून्यही सुटेल. एका नळीत निदान एक सुटण्याची शक्यता ९२ टक्के, दोन्हींत सुटण्याची ८४ टक्के. आता प्रकाश निम्मा करा: ५१ टक्के. आणखी निम्मा करा: २२ टक्के.

कार्बन-१४ च्या सरासरी कणाचे हेच गणित केले तर प्रत्येक नळीत वीसहून जास्त फोटोइलेक्ट्रॉन. प्रकाश निम्मा झाला तरी दहाच्या वर उरतात आणि घटना मोजली जातेच.

६
प्रकाश कमी होणे, म्हणजे क्वेंचिंग, दोन वाटांनी घडते.

रासायनिक: द्रावकातून पीपीओकडे निघालेली ऊर्जा मध्येच कुणीतरी गिळते आणि तिची उष्णता होते. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, अ‍ॅसिटोन, नायट्रोमिथेन हे यातले अट्टल. हवेतून विरघळलेला ऑक्सिजनही. म्हणून कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या प्रमाण वायलींतून ऑक्सिजन काढून टाकलेला असतो, आणि त्यांच्यात ट्रिटियमची एफिशियन्सी साठ टक्क्यांच्या वर, कार्बनची पंचाण्णवच्या आसपास दिसते. रोजच्या नमुन्यात तसे आकडे शोधू नयेत.

रंगाचे: प्रकाश तयार होतो, पण वायलीतून बाहेर पडण्याआधीच शोषला जातो. निळा प्रकाश शोषणारे रंग म्हणजे पिवळा, तांबडा, तपकिरी. लघवी, रक्त, पानांचा अर्क: जीवशास्त्राने नेमके हेच रंग पाठवले आहेत.

७
क्वेंच झालेला नमुना आणि मुळातच कमी किरणोत्सारी नमुना. मोजणीचा आकडा दोघांचा सारखाच येऊ शकतो.

८
कैगा, नोव्हेंबर २००९. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेले, उत्तर कन्नड जिल्ह्यातले अणुवीज केंद्र. तिथल्या अणुभट्ट्या जड पाण्याच्या. जड पाण्यातल्या ड्युटेरियमने न्यूट्रॉन पकडला की ट्रिटियम होते, त्यामुळे अशा केंद्रांत कामगारांची लघवी नियमित तपासली जाते. त्या तपासणीत काही जणांच्या नमुन्यांत नेहमीपेक्षा जास्त ट्रिटियम आढळले. शोध घेता मूळ सापडले ते पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये. ट्रिटियमयुक्त जड पाणी त्यात कुणीतरी मिसळले होते.

ट्रिटियमयुक्त पाण्याला रंग नाही, वास नाही, आणि अंगाबाहेरून त्याचा बीटा मोजता येत नाही. शरीरात गेलेले ओळखायचे तर लघवीची वायल हाच नेहमीचा मार्ग.

९
आता एक नमुना सोडवून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असेच आकडे रोज दिसतात.

एक मिलिलिटर लघवी, दहा मिलिलिटर कॉकटेल. मोजणी मिनिटाला १,२४०. पार्श्वभूमीच्या वायलीची, म्हणजे किरणोत्सार नसलेल्या लघवीची, मोजणी मिनिटाला २०. निव्वळ १,२२०.

हे १,२२० म्हणजे दोन्ही नळ्यांना दिसलेले विघटन. घडलेले किती, ते अजून ठाऊक नाही.

त्याच वायलीत आता शंभर मायक्रोलिटर प्रमाण ट्रिटियम-पाणी घालायचे, ज्यात मिनिटाला २०,००० विघटने होतात हे प्रमाणपत्रावरून माहीत आहे. हलवायचे, अंधारात ठेवायचे, पुन्हा मोजायचे. नवी मोजणी ६,२४०. वाढ झाली ५,००० ची.

वीस हजार घडली, पाच हजार दिसली. एफिशियन्सी २५ टक्के. मग मूळ नमुन्यातली विघटने १,२२० भागिले ०.२५, म्हणजे मिनिटाला ४,८८०. साठाने भागून ८१ बेकेरेल. लिटरला ८१ हजार.

शुद्ध पाणी घालून काढलेली ४० टक्क्यांची एफिशियन्सी इथे वापरली असती तर उत्तर लिटरला ५१ हजारच आले असते. क्वेंचकडे दुर्लक्ष केले की चूक बहुधा याच दिशेने होते: माणसाच्या अंगात असते त्यापेक्षा कमी लिहिले जाते.

१०
हे ८१ हजार म्हणजे माणसाला किती? ट्रिटियम शरीरातल्या सगळ्या पाण्यात, सुमारे ४२ लिटरमध्ये, पसरते. म्हणजे एकूण ३४ लाख बेकेरेल. ट्रिटियम-पाण्याच्या दर बेकेरेलला १.८ गुणिले दहाचा उणे अकरावा घात इतके सिव्हर्ट धरले तर मात्रा साधारण ०.०६ मिलिसिव्हर्ट. आपल्याकडे कामगाराची वार्षिक मर्यादा ३० मिलिसिव्हर्ट आहे. त्या हिशेबाने मर्यादा गाठायला लिटरला सुमारे चार कोटी बेकेरेल लागतील.

हा हिशेब ट्रिटियम नुकतेच, एकाच वेळी, अंगात गेले असे धरून केला. मध्ये दिवस गेले असतील तर गणित बदलते, कारण साधारण दहा दिवसांत निम्मे पाणी शरीराबाहेर जाते. पाणी जास्त प्यायले की आणखी लवकर.

११
वायलीतच प्रमाण घालायच्या या पद्धतीला अंतर्गत प्रमाण म्हणतात. सगळ्यांत जुनी, आणि माझ्या मते अजूनही शेवटचा शब्द तिचाच. पण तिच्या अटी पाळायला हव्यात.

घातलेले प्रमाण नमुन्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त किरणोत्सारी हवे, नाहीतर दोन मोजण्यांच्या वजाबाकीत सांख्यिकीय चढउतारच उरतो. पिपेट तपासलेले हवे. शंभर मायक्रोलिटरला एक मायक्रोलिटर इकडेतिकडे झाला तर ती एक टक्का चूक सरळ उत्तरात उतरते. घातलेल्या प्रमाणाने स्वतः क्वेंच वाढवता कामा नये. आणि एकदा प्रमाण घातले की तो नमुना संपला; पहिली मोजणी पुन्हा घेता येत नाही.

१२
ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे. बाटलीतले प्रमाण वर्षाला साडेपाच टक्क्यांनी घटते. चार वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावरचा आकडा तसाच वापरला तर एफिशियन्सी २५ ऐवजी २० टक्के दिसेल, आणि प्रत्येक उत्तर सव्वापट फुगेल.

कार्बन-१४ च्या बाटलीला ही काळजी नाही.

१३
दिवसाला शंभर वायली असल्या की प्रत्येकीत प्रमाण घालत बसता येत नाही. त्यासाठी बाह्य प्रमाण.

यंत्राच्या पोटात एक छोटा गॅमा स्रोत असतो. कंपनीनुसार बेरियम-१३३, सीझियम-१३७ किंवा युरोपियम-१५२. नमुना मोजण्याआधी तो वायलीजवळ येतो. गॅमा किरण काच ओलांडून आत शिरतात आणि कॉकटेलमध्ये इलेक्ट्रॉन उडवतात. हे कॉम्प्टन इलेक्ट्रॉन बीटा कणांसारखेच प्रकाश पाडतात. नमुना क्वेंच झालेला असेल तर त्यांचाही वर्णपट कमी ऊर्जेकडे सरकतो. किती सरकला त्याचा एक आकडा यंत्र देते. पॅकार्डच्या यंत्रांत तो टीएसआयई: क्वेंच नसलेल्या वायलीला १,०००, क्वेंच वाढेल तसा खाली.

हा आकडा म्हणजे एफिशियन्सी नव्हे. वायल किती मंद आहे एवढेच तो सांगतो.

१४
दोघांना जोडायचे काम क्वेंच वक्र करतो. दहा वायली घ्यायच्या. सगळ्यांत सारखेच कॉकटेल, सारखेच आकारमान, माहीत असलेले सारखेच ट्रिटियम. पहिलीत काही घालायचे नाही. पुढच्यांत नायट्रोमिथेन वाढत्या मात्रेने. प्रत्येकीचा टीएसआयई वाचायचा, प्रत्येकीची एफिशियन्सी काढायची, बिंदू मांडून वक्र जोडायचा. पुढे अनोळखी नमुना आला की त्याच्या टीएसआयईवरून एफिशियन्सी वक्रावर वाचायची.

ट्रिटियमचा वक्र उतरता, तीव्र. कार्बनचा बराच वेळ जवळजवळ सपाट, मग एकदम खाली. कार्बनचा वक्र वर्षभर जुना असला तर बहुधा निभावते. ट्रिटियमचे निभावत नाही. कॉकटेल बदलले तर दोघांचेही वक्र नवे करावेत.

वक्र जिथे संपतो तिथून पुढे रेघ वाढवू नये. नमुना तिथे पडत असेल तर तो कमी घ्यावा, किंवा ऊर्ध्वपातन करून घ्यावे.

१५
नायट्रोमिथेनचा वक्र रंगीत नमुन्याला कुठपर्यंत चालतो? सौम्य रंगाला चालतो. गडद रंगाला नाही. रासायनिक क्वेंचमध्ये वायलीतल्या कुठल्याही जागेचा प्रकाश सारखाच घटतो. रंगाच्या क्वेंचमध्ये प्रकाशाने द्रवातून किती वाट कापली याला महत्त्व येते: एका काठाशी झालेली घटना जवळच्या नळीला लख्ख दिसते, पलीकडच्या नळीला अंधुक. त्यामुळे टीएसआयई तोच असला तरी एफिशियन्सी वेगळी निघते.

लघवीला म्हणून सक्रिय कोळशाने रंग काढणे किंवा ऊर्ध्वपातन हे आळस न करता करावे. हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन होते, पण उरलेले पेरॉक्साइड पुढे त्रास देते (पाहा १७).

१६
या वहीत एकच टिपण जपून ठेवायचे असेल तर हे.

कॉकटेलच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी घातले, किंवा नमुन्यात क्षार फार असले, की वायलीत दोन थर होतात. ट्रिटियम-पाणी खाली, कॉकटेल वर. खालच्या थरातला बीटा कण सहा मायक्रोमीटरांत थांबतो. सीमेजवळचे मोजके सोडले तर कुणीच कॉकटेलपर्यंत पोचत नाही. मोजणी कोसळते.

बाह्य प्रमाणाला यातले काही कळत नाही. गॅमा किरण वरच्या थरात शिरतात, तो थर स्वच्छ आहे, टीएसआयई उत्तम येतो. वक्र सांगतो एफिशियन्सी ४० टक्के. कागदावर सगळे व्यवस्थित, आणि उत्तर साफ खोटे.

गाळणकागदावरच्या नमुन्याचे, पेशींच्या न विरघळलेल्या तुकड्यांचे, कार्बन-१४ च्या बेरियम कार्बोनेट साक्याचे हेच. कण घन पदार्थातच अडकतो आणि टीएसआयई द्रवाचे गुण गातो.

अंतर्गत प्रमाणही इथे फसू शकते. पूर्वी ट्रिटियमयुक्त टोल्युइन प्रमाण म्हणून वापरत. ते वरच्या थरात विरघळते, झकास मोजले जाते आणि खालच्या थरातल्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. पाण्याच्या नमुन्यात प्रमाण पाण्याचेच घालावे.

ओळखायचे कसे? आधी डोळ्यांनी: वायल उजेडासमोर धरा, धूसरपणा, तळाशी थेंब, आडवी रेघ दिसते का पाहा. यंत्र थंड असेल तर खोलीत नव्हे, यंत्राच्या तापमानाला तासभर ठेवून पाहा. काही कॉकटेल थंडीतच फुटतात. मग जोरात हलवून लगेच मोजा, आणि दोन तासांनी पुन्हा. आकडा पडत गेला तर थर होताहेत. शेवटी निम्मा नमुना घेऊन मोजा. मोजणी निम्मी व्हायला हवी. ती जवळजवळ तेवढीच राहिली, किंवा वाढली, तर कॉकटेल बदलायची वेळ झाली.

१७
उलटाही प्रकार: विघटन नाही आणि मोजणी भरपूर.

अल्कधर्मी विद्रावकाने पेशी विरघळवल्या, त्यात पेरॉक्साइड उरले, की वायलीत रासायनिक क्रियेतून प्रकाश निघतो. यातल्या प्रत्येक क्रियेतून एकच फोटॉन निघतो, त्यामुळे दोन नळ्यांची अट त्याला अडवायला हवी. पण असे फोटॉन सेकंदाला लाखोंनी सुटले की योगायोगाने दोन्हीकडे एकदमच पडू लागतात. ही खोटी मोजणी वर्णपटाच्या अगदी तळाशी येते, म्हणजे नेमकी ट्रिटियमच्या घरात.

खूण अशी की मोजणी तासागणिक घसरते. ट्रिटियम तासाभरात घटत नाही. वायल आम्ल करून, थंड जागी, अंधारात रात्रभर ठेवली की बहुतेक वेळा निवळते. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या वायलीलाही काही मिनिटे अंधार द्यावा.

कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या वायलीवर स्थिर विद्युत साठते. मोजणीत मधूनच एखादे मिनिट उसळते. ओलसर कापडाने पुसून घेतले तरी पुरते.

१८
एकाच वायलीत दोन्ही. जीवरसायनात हे नेहमीचे: एका रेणूला ट्रिटियमची खूण, दुसऱ्याला कार्बनची.

दोन खिडक्या लावायच्या: खालची ० ते १२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, वरची १२ ते १५६. वरच्या खिडकीत ट्रिटियम जवळजवळ येत नाही. खालच्या खिडकीत मात्र कार्बनचे कमी ऊर्जेचे कण येतात.

समजा वरची निव्वळ मोजणी ६,५००, तिथली कार्बनची एफिशियन्सी ६५ टक्के. म्हणजे कार्बनची विघटने १०,०००. खालच्या खिडकीत कार्बनची एफिशियन्सी २२ टक्के, म्हणजे २,२०० त्याचेच. खालची निव्वळ मोजणी ५,७०० असेल तर ट्रिटियमचे उरले ३,५००. तिथली ट्रिटियमची एफिशियन्सी ३५ टक्के, म्हणून ट्रिटियमही १०,०००.

क्वेंच वाढला की कार्बनचा वर्णपट खाली सरकतो आणि २२ चे तीस होतात, त्याच वेळी ट्रिटियमचे ३५ वीसवर येतात. म्हणून दोन खुणांच्या नमुन्याला एक नव्हे, तीन वक्र लागतात. आणि ट्रिटियमच्या कित्येक पट कार्बन असेल तर ट्रिटियमच्या आकड्यावर विसंबू नये. प्रयोग आखतानाच ट्रिटियमची खूण जास्त ठेवावी.

१९
कार्बन-१४ ला क्वेंच फारसा बाधत नाही असे वर म्हटले. त्याला एक मोठा अपवाद: कालमापन.

जुन्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड करतात, त्याचे लिथियम कार्बाइड, त्यापासून अ‍ॅसिटिलीन, त्यापासून बेंझीन. बेंझीनमध्ये वजनाने ९२ टक्के कार्बन, आणि बेंझीन स्वतःच द्रावक. नमुना आणि द्रावक एकच. आजच्या सजीवांच्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला साडेतेराच विघटने होतात, म्हणून एकेक वायल दिवसदिवस मोजत ठेवावी लागते.

आणि इथे एफिशियन्सीत एक टक्का चूक म्हणजे वयात ऐंशी वर्षांची चूक. बेंझीन बनवताना त्यात उरलेला अशुद्धीचा अंश एफिशियन्सी एका टक्क्याने कमी करतो, आणि कोळसा ऐंशी वर्षांनी जुना ठरतो.

२०
तीन नळ्यांचे यंत्र: तिघींना दिसलेल्या घटना भागिले किमान दोघींना दिसलेल्या घटना. प्रकाश भरपूर असेल तर हे गुणोत्तर एकाजवळ, कमी होईल तसे खाली. ट्रिटियमसाठी ते एफिशियन्सीच्या बरेच जवळ असते. ना स्रोत लागतो, ना वक्र. प्रमाण ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळा ही पद्धत सविस्तर गणितासह वापरतात. दोन थरांवर मात्र तिच्याकडेही उत्तर नाही.

२१
अहवाल लिहिणाऱ्यांना विनंती. बेकेरेलच्या आकड्याशेजारी एफिशियन्सी लिहा, ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहा, कॉकटेलचे नाव आणि नमुन्याचे आकारमान लिहा. आणि मोजणीनंतर वायल उजेडासमोर धरून पाहिली होती की नाही, तेही लिहा.